नफ्यातली कंपनी बंद करायची तर? आधी सगळ्यांची देणी, मग मालकांचा वाटा : परळीच्या उदाहरणातून समजून घ्या स्वेच्छेनं होणारं लिक्विडेशन

बीड जिल्ह्यात 'लिक्विडेशन' किंवा 'अवसायक' हे शब्द बहुतेकांनी ऐकले ते बुडालेल्या पतसंस्थांच्या बातम्यांत. ठेवीदार रांगेत उभे, संचालक फरार आणि सरकारनं नेमलेला अवसायक कुलूप उघडून कागदपत्रं ताब्यात घेतोय, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. त्यामुळं एखाद्या कंपनीबद्दल 'ती लिक्विडेशनमध्ये गेली' असं कळलं की लोक सरळ समजतात, पैसे बुडाले.

पण लिक्विडेशनचा एक प्रकार याच्या अगदी उलटा आहे. तो फक्त अशाच कंपनीला वापरता येतो, जी सगळ्यांची सगळी देणी फेडू शकते. कंपनी चालू ठेवण्यात मालकांना रस उरलेला नसतो. कुणाची मुलं पुण्याला स्थायिक झालेली असतात, कुणाचं वय झालेलं असतं, नाहीतर धंद्याचं गणितच बदललेलं असतं. मग मालमत्ता विकायची, देणी चुकती करायची आणि उरेल ते शेअरधारकांनी वाटून घ्यायचं. कायद्यात याला स्वेच्छेनं होणारं लिक्विडेशन म्हणतात. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं कलम ५९ त्यासाठी आहे आणि १ एप्रिल २०१७ पासून याच कलमाखाली हे काम चालतं. दिवाळखोरीच्या कायद्यात दिवाळखोर नसलेल्यांसाठी एक कलम, हे थोडं गमतीशीर आहे खरं.

एक गोष्ट आधीच वेगळी करून घेऊ. पतसंस्था, सहकारी बँक किंवा सहकारी साखर कारखाना या सहकारी संस्था आहेत. त्यांच्या अवसायनाचे कायदे निराळे आणि तिथं सहकार निबंधकाची भूमिका मोठी. इथं आपण बोलतोय ते कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या, म्हणजे नावापुढं 'प्रायव्हेट लिमिटेड' असलेल्या कंपनीबद्दल.

समजा, परळीतली एक विटांची कंपनी

परळीच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणारी राख आणि त्या राखेवर चालणारे विटांचे उद्योग हे तालुक्याला नवीन नाहीत. अशीच एक कंपनी आपण उदाहरणादाखल घेऊ. ती काल्पनिक आहे आणि तिचे आकडेही समजायला सोपे जावेत म्हणून ठरवलेले आहेत. नियम मात्र खरे आहेत.

चार मित्रांनी ही कंपनी काढली. प्रत्येकाकडं १० रुपयांचे ५०,००० शेअर, म्हणजे एकूण २ लाख शेअर आणि २० लाखांचं भांडवल. पाण्याअभावी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. केंद्र बंद म्हणजे राख बंद आणि राख बंद म्हणजे विटा बंद. त्या काळातून कंपनी तरली, पण आता चौघांनाही पुढं हा व्याप नको आहे. धंदा मात्र तोट्यात नाही. हिशेबाच्या वह्यांत १० लाखांचा साठलेला नफा आहे.

कंपनीकडं काय आहे? वह्यांत ३४ लाखांना दाखवलेली जागा, १८ लाखांची यंत्रं, बँकेत ९ लाख आणि बिल्डरांकडून यायचे ६ लाख. देणं कुणाचं? बँकेचं कर्ज १४ लाख, चौघांपैकी एका संचालकानं कंपनीला दिलेले १० लाख, सिमेंट आणि वाहतूकवाल्यांचे ७ लाख, कामगारांचे ३ लाख, सुपरवायझरच्या पगाराचा १ लाख आणि जीएसटीचे २ लाख. एकूण ३७ लाख.

कागदावर कंपनी भक्कम दिसते. मग चौघांनी बसून पैसे वाटून घेतले तर काय बिघडलं? बिघडतं ते असं की कंपनीचा पैसा हा मालकांचा पैसा नसतो. कंपनी ही कायद्यानं वेगळी व्यक्ती आहे. तिचे देणेकरी तिच्या मालमत्तेकडं बघून उधारी देतात. मालकांनी आधी वाटा उचलला आणि नंतर एखादं देणं निघालं, तर देणेकऱ्यानं वसुली कुणाकडून करायची? कलम ५९ ची सगळी रचना हा एकच प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे.

सुरुवात होते ती एका शपथपत्रानं

पहिलं पाऊल संचालकांचं. निम्म्याहून जास्त संचालकांनी शपथपत्रावर सांगायचं असतं की आम्ही कंपनीच्या कारभाराची पूर्ण चौकशी केली आहे, कंपनीवर कर्जच नाही किंवा मालमत्ता विकून येणाऱ्या पैशातून ती सगळं कर्ज पूर्ण फेडू शकेल आणि कुणाला फसवण्यासाठी आम्ही कंपनी बंद करत नाही. सोबत मागच्या दोन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब आणि मालमत्तेचा मूल्यांकन अहवाल असेल तर तोही जोडायचा.

हा कागद सीएच्या ऑफिसात सह्यांच्या गठ्ठ्यात येतो आणि बरेच जण न वाचताच सही करतात. खरं तर सगळ्यात जास्त वेळ इथं द्यायला हवा. कारण ताळेबंदात न दिसणारी देणी असतात. कंपनीनं दुसऱ्या कुणाच्या कर्जाला दिलेली हमी, कोर्टात पडून असलेला एखादा दावा, जुन्या वर्षाची जीएसटीची चौकशी आणि कामगारांची ग्रॅच्युइटी.

ग्रॅच्युइटीचंच बघा. महिना १५,६०० रुपये मजुरी असलेला कामगार दहा वर्षं कामाला असेल, तर मजुरी गुणिले १५ भागिले २६ या हिशेबानं एका वर्षाचे ९,००० आणि दहा वर्षांचे ९०,००० रुपये होतात. असे दहा कामगार निघाले तर ९ लाख. छोट्या कंपन्या ही रक्कम दरवर्षी बाजूला काढतातच असं नाही आणि कंपनी बंद करताना ती एकदम समोर येते. आपल्या उदाहरणात असे जुने कामगार थोडेच आहेत आणि त्यांचा हिशेब ३ लाखांत धरलेला आहे.

चार आठवड्यांची खिडकी

शपथपत्र झालं की चार आठवड्यांच्या आत शेअरधारकांच्या सर्वसाधारण सभेत विशेष ठराव मंजूर व्हावा लागतो. सभेची नोटीस मात्र साधारणपणे पूर्ण २१ दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे १ जूनला शपथपत्र केलं, तर त्याच दिवशी नोटीस निघायला हवी. आठवडाभर निघून गेला की चार आठवड्यांत सभा बसवणं अवघड होतं. मग सभासदांची कमी मुदतीला संमती घ्या, नाहीतर शपथपत्र नव्यानं करा. कागदावर किरकोळ वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात पुष्कळ धावपळ करायला लावते.

आपल्या कंपनीची सभा २५ जूनला होते असं धरू. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. चौघांकडं सारखे शेअर असल्यामुळं तिघं बाजूनं आणि एक विरोधात गेला तरी ठराव बरोबर काठावर मंजूर होतो. दोघं विरोधात गेले तर कंपनी बंद होत नाही.

याच ठरावात लिक्विडेटर नेमला जातो. तो नोंदणीकृत इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनलच असावा लागतो आणि कंपनीपासून स्वतंत्र असावा लागतो. गेल्या तीन आर्थिक वर्षांत ज्यानं कंपनीचं ऑडिट केलं, त्याला हे काम करता येत नाही. 'आपला नेहमीचा सीए करून टाकेल' हा विचार इथंच संपतो.

कंपनीवर देणं असेल तर आणखी एक संमती हवी. ठरावापासून सात दिवसांत, देण्याच्या रकमेच्या दोन तृतीयांश हिस्सा असलेल्या देणेकऱ्यांनी ठराव मान्य करावा लागतो. देणेकरी डोकी मोजून नाही, रकमेनं मोजले जातात. आपल्याकडं ३७ लाखांचं देणं आहे, त्याचे दोन तृतीयांश म्हणजे पावणेपंचवीस लाखांच्या आसपास. बँक आणि उसने देणारा संचालक मिळून होतात २४ लाख. थोडक्यात हुकलं! म्हणून निदान एका सिमेंटवाल्याची किंवा वाहतूकवाल्याची सहीसुद्धा २ जुलैच्या आत मिळवावी लागेल. छोटा देणेकरी एरवी कंपनीच्या मागं फिरत असतो, या आठवड्यात कंपनी त्याच्या मागं फिरते.

ही मान्यता मिळाली की सात दिवसांत रजिस्ट्रार ऑफ कंपनीज आणि इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी बोर्ड, म्हणजे आयबीबीआय, यांना कळवायचं. लिक्विडेशनची सुरुवात मात्र ठरावाच्या तारखेपासून, म्हणजे २५ जूनपासूनच धरली जाते. त्या दिवसापासून नवा धंदा बंद. भट्टीवर तयार पडलेला माल विकणं चालतं, नव्या ऑर्डरी घेणं नाही.

पेपरातली ती छोटी जाहिरात

नेमणुकीपासून पाच दिवसांत लिक्विडेटरनं जाहीर सूचना द्यायची असते. एक इंग्रजी पेपर आणि कंपनीचं कार्यालय जिथं आहे तिथं चांगला खपणारा एक स्थानिक भाषेतला पेपर, म्हणजे परळीसाठी मराठी. शिवाय आयबीबीआयच्या वेबसाइटवरही ती टाकली जाते. निविदा आणि 'नावात बदल' यांच्या मधोमध बसलेली ही चौकट कुणी वाचत नाही. पण ज्याचे पैसे त्या कंपनीकडं अडकले आहेत, त्याच्यासाठी महिनाभर तरी त्या पानावरची सगळ्यात महत्त्वाची मजकुराची जागा तीच असते.

त्या सूचनेत दावा दाखल करायची शेवटची तारीख असते. लिक्विडेशन सुरू झाल्यापासून ३० दिवस, म्हणजे आपल्या उदाहरणात २५ जुलै. माल किंवा सेवा दिलेल्यांचा फॉर्म वेगळा (फॉर्म बी), कर्ज दिलेल्यांचा वेगळा (फॉर्म सी), कामगार-कर्मचाऱ्यांचा वेगळा (फॉर्म डी). वाहतूकवाल्यानं आपली बिलं, पोहोच पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट जोडायचं. वहीत पेन्सिलनं लिहिलेला 'बाकी'चा आकडा एवढाच पुरावा असेल, तर अडचण येते. परळीसारख्या गावात विश्वासावर चालणाऱ्या उधारीचं हेच दुखणं आहे.

दाव्याची मुदत संपल्यावर लिक्विडेटर पुढच्या ३० दिवसांत, म्हणजे २४ ऑगस्टपर्यंत, प्रत्येक दावा तपासतो. तो मान्य करतो, काही भाग मान्य करतो किंवा नाकारतो. नाकारला तर त्याचं कारण लेखी द्यावं लागतं आणि देणेकऱ्याला तो निर्णय मिळाल्यापासून १४ दिवसांत एनसीएलटीकडं, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडं, अपील करता येतं. महाराष्ट्रातल्या कंपन्यांसाठी ते मुंबईत आहे. पोहोचायला परळीहून रात्रीची गाडी आणि दिवसभराचं काम, म्हणून पाच-दहा हजारांच्या वादासाठी कुणी जात नाही. दाव्यासोबत सुरुवातीलाच पक्की कागदपत्रं जोडणं त्यामुळंच स्वस्त पडतं. सगळे दावे तपासून झाले की दाव्याच्या शेवटच्या तारखेपासून ४५ दिवसांत, म्हणजे ८ सप्टेंबरपर्यंत, कुणाचं किती देणं मान्य झालं याची यादी तयार होते.

पैसा एकाच खात्यातून

दरम्यान लिक्विडेटर शेड्युल्ड बँकेत एक खातं उघडतो. त्याच्या नावात कंपनीच्या नावापुढं 'इन व्हॉलंटरी लिक्विडेशन' हे शब्द असतात. येणारा सगळा पैसा यात आणि जाणारा सगळा पैसा यातूनच. ५,००० रुपयांवरचं देणं रोखीनं देता येत नाही, चेक किंवा ऑनलाइनच.

जागा विकताना एक गाठ हमखास बसते. जागा बँकेकडं तारण आहे. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा चढलेला आहे. बोजा असताना घेणारा पुढं येत नाही आणि जागा विकल्याशिवाय बँकेचे पैसे भागत नाहीत. बाहेर पडायचा नेहमीचा मार्ग म्हणजे बँकेला घेऊन तिहेरी व्यवहार करणं. घेणारा पैसे आणतो, त्यातून आधी बँक भागते, बँक ना-हरकत दाखला देते आणि फेरफार होऊन बोजा उतरतो. कंपनीनं रजिस्ट्रारकडं नोंदवलेला तारणाचा बोजाही वेगळा फॉर्म भरून उतरवावा लागतो. तलाठ्याकडचा बोजा उतरला पण रजिस्ट्रारकडचा तसाच राहिला, किंवा उलटं झालं, की पुढं एनसीएलटीसमोर त्याचा खुलासा करत बसावं लागतं.

समजा, जागा ६२ लाखांना गेली, यंत्रं १८ लाखांना, बिल्डरांकडचे ६ पैकी ५ लाख वसूल झाले आणि बँकेत ९ लाख होतेच. खात्यात ९४ लाख जमा झाले.

कोण आधी, कोण नंतर

आता वाटप. कायद्यातल्या कलम ५३ मध्ये क्रम ठरलेला आहे. सगळ्यात आधी लिक्विडेशनचा खर्च, म्हणजे लिक्विडेटरची फी, जाहिराती, मूल्यांकन. मग एकाच पायरीवर दोघं, कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेली बँक. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांपर्यंतचा पगार. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकारी कर. मग उरलेली सगळी देणी, ज्यात सिमेंटवाला आणि वाहतूकवाला येतात. मग प्रेफरन्स शेअर असतील तर ते. आणि सगळ्यात शेवटी साधे शेअरधारक, म्हणजे आपले चौघं मित्र. पीएफच्या खात्यातला पैसा या रांगेतच नाही. तो कामगारांचाच समजला जातो आणि कंपनीच्या मालमत्तेत धरला जात नाही.

संचालकानं दिलेले १० लाख सिमेंटवाल्याच्या आधी येतात, हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटतं. कंपनी बुडालेली असती तर हा फरक फार बोचला असता. इथं तो बोचत नाही, कारण या प्रकारात प्रत्येकाला शंभर टक्के मिळालंच पाहिजे अशी अट आहे. रांगेत कोण कुठं उभा आहे याला महत्त्व येतं ते एकाच कारणासाठी: रांगेतला शेवटचा देणेकरी भागल्याशिवाय मालकांची पाळी येत नाही.

आपल्या कंपनीचा हिशेब असा होतो. लिक्विडेशनचा खर्च ३ लाख. बँक १४, कामगार ३, सुपरवायझर १, संचालकाचं कर्ज १०. सरकारी देणं ६ लाख, कारण जुन्या २ लाख जीएसटीशिवाय जागा चढ्या भावानं विकली म्हणून कंपनीला ४ लाख प्राप्तिकर लागेल असं धरलंय. सिमेंट आणि वाहतूकवाले ७. एकूण ४४ लाख. खात्यात उरले ५० लाख. २ लाख शेअरनी भागलं की एका शेअरला २५ रुपये. १० रुपयांच्या शेअरला २५.

जागेच्या नफ्यावरचा कर विसरणं ही इथली नेहमीची चूक. विक्री झाली, पैसे आले, वाटून मोकळे झाले आणि मग प्राप्तिकर भरायला खात्यात काही उरलेलंच नाही. प्राप्तिकर खात्याकडून 'काही बाकी नाही' असा दाखला मागण्याची गरज नाही, असं आयबीबीआयनं नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं. त्याआधी त्या दाखल्यासाठी प्रकरणं अडून राहायची. पण दाखला लागत नाही म्हणजे कर लागत नाही असं नाही.

हातात २५ रुपये, पण घरी किती?

प्रत्येक मित्राच्या वाट्याला १२ लाख ५० हजार येतात. ही रक्कम करासाठी एकच समजली जात नाही, तिचे दोन तुकडे होतात.

लिक्विडेशन सुरू होण्याआधी कंपनीकडं जेवढा साठलेला नफा होता, तेवढ्यापुरती रक्कम लाभांश धरली जाते. आपल्या कंपनीकडं तो १० लाख होता, म्हणजे प्रत्येकी अडीच लाख. हे अडीच लाख त्या शेअरधारकाच्या इतर उत्पन्नात मिळवले जातात आणि त्याच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. देतानाच १० टक्के, म्हणजे २५ हजार, टीडीएस कापला जातो.

उरलेले १० लाख ही त्याच्या शेअरची विक्री किंमत मानली जाते. शेअर त्यानं ५ लाखांना घेतले होते, म्हणजे ५ लाखांचा भांडवली नफा. त्याचा कर तो आपल्या रिटर्नमध्ये वेगळा भरतो. जागा विकून झालेला फायदा लिक्विडेशन सुरू झाल्यानंतरचा आहे, म्हणून तो लाभांशाच्या तुकड्यात येत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. जागा आदल्या महिन्यातच विकून टाकली असती, तर तो फायदा साठलेल्या नफ्यात जाऊन बसला असता आणि लाभांशाचा तुकडा मोठा झाला असता. तारखेचा असा फरक पडतो.

म्हणजे बँकेत प्रत्यक्ष १२ लाख २५ हजार जमा होतील आणि वर्षअखेरीला त्यावरचा उरलेला कर भरावा लागेल. पैसे आल्या आल्या ट्रॅक्टर बुक करणाऱ्यांनी मार्चपर्यंत थांबलेलं बरं.

लिक्विडेटरच्या हाती रक्कम आली की ३० दिवसांत ती वाटायची, असा २०२२ पासूनचा नियम आहे. आधी यासाठी सहा महिने मिळायचे. देणेकऱ्यांची संमती लागलेल्या कंपनीचं सगळं काम २७० दिवसांत उरकायचं असतं, आपल्या उदाहरणात २२ मार्चपर्यंत. कुणाचंच देणं नसलेल्या कंपनीला ९० दिवस.

गणित चुकलं तर

आता समजा, ऑगस्टमध्ये कंपनीला जुन्या वर्षांची ७० लाखांची कराची मागणी आली. ५० लाखांचा शिल्लक पैसा त्यात जाईल आणि तरी देणं उरेल. अशा वेळी लिक्विडेटरनं गप्प बसून वाटप करायचं नसतं. कंपनी सगळी देणी फेडू शकणार नाही असं दिसलं किंवा कुणाला फसवण्यासाठी हा घाट घातला असं वाटलं, तर त्यानं एनसीएलटीकडं अर्ज करून ही प्रक्रिया थांबवायची मागणी करायची असते. मग संचालकांनी त्या शपथपत्रावर सही करताना कोणती चौकशी केली होती, हा प्रश्न उभा राहतो.

दुसरा धोका मागच्या तारखांचा. बंद करायचं ठरण्याआधी कंपनीचा टेम्पो मेहुण्याला स्वस्तात दिला किंवा एकाच देणेकऱ्याला आधी भागवलं, असे व्यवहार लिक्विडेटर उकरून काढू शकतो. जवळच्या माणसांशी झालेले व्यवहार दोन वर्षं मागंपर्यंत, इतरांशी झालेले एक वर्ष मागंपर्यंत तपासले जातात. बँक स्टेटमेंटवरून हे समजायला वेळ लागत नाही.

आणि तिसरा प्रकार अगदी साधा. शेअरधारक सापडतच नाही. चौघांपैकी एक वारला, वारसांमध्ये वाद आहे आणि कुणीच कागद देत नाही. त्याचा वाटा इतरांनी वाटून घ्यायचा नसतो. तो आयबीबीआयच्या देखरेखीखालच्या खास खात्यात जमा होतो आणि वारसांना कागदपत्रं देऊन नंतर मागता येतो. कंपनी संपल्यापासून १५ वर्षं कुणी आलंच नाही, तर तो पैसा सरकारच्या तिजोरीत जातो.

नाव कापून घेणं स्वस्त, मग हा खटाटोप कशाला?

कंपनी बंद करायचा एक सोपा रस्ता आहे आणि सल्ला देणारे बहुतेक तोच सुचवतात. रजिस्ट्रारकडं एसटीके-२ हा फॉर्म भरायचा, १०,००० रुपये फी भरायची आणि कंपनीचं नाव यादीतून काढून घ्यायचं. कंपनीत काहीच उरलेलं नसेल तर तो रस्ता ठीकच आहे. पण त्यासाठी मालमत्ता आणि देणी दोन्ही आधीच शून्य करावी लागतात. ६२ लाखांची जागा ज्या कंपनीच्या नावावर आहे, तिनं ती आधी कुठं आणि कशी 'शून्य' केली, हा प्रश्न मग कर खात्याच्या नजरेत भरतो. शिवाय असं काढलेलं नाव देणेकऱ्याच्या किंवा सभासदाच्या अर्जावर २० वर्षांपर्यंत पुन्हा जिवंत होऊ शकतं. म्हणून जागा, यंत्रं आणि शिल्लक पैसा असलेल्या कंपनीला लिक्विडेशनचा लांबचा रस्ताच बरा पडतो.

या रस्त्याचा शेवट असा. सगळं वाटून झाल्यावर लिक्विडेटर अंतिम अहवाल करतो. आलेला पैसा, गेलेला पैसा, विकलेली प्रत्येक वस्तू आणि कुणाचाही दावा बाकी नाही याचा खुलासा त्यात असतो. हा अहवाल रजिस्ट्रार आणि आयबीबीआयकडं जातो आणि एनसीएलटीकडं कंपनी विसर्जित करण्याचा अर्ज होतो. २७० दिवसांची मुदत लिक्विडेटरच्या कामाला आहे, ट्रायब्युनलच्या आदेशाला नाही. तिथली तारीख कधी लागेल ते तिथल्या कामाच्या भारावर ठरतं. आदेश निघाला की त्याची प्रत १४ दिवसांत रजिस्ट्रारकडं पोहोचवायची. आदेशाच्या तारखेला कंपनी कायद्यानं संपते. चौघांचे शेअर त्या दिवशी नुसते कागद होतात, पण हिशेबाची कागदपत्रं लिक्विडेटरला पुढची किमान आठ वर्षं जपून ठेवावी लागतात.